पुलाची फट गळायला लागली की खालचं बेअरिंग का मरतं

पुलावरून जाताना मध्येच गाडीखाली "धप्-धप्" होतं बघा, आधी पुढच्या चाकांचं आणि लगेच मागच्या चाकांचं, तो एक्सपान्शन जॉइंट. लोकांना वाटतं रस्ता नीट केला नाही. खरं म्हणजे तिथे पूल मुद्दाम तोडलेला असतो. दोन तुकड्यांत फट ठेवलेली असते आणि त्या फटीत लोखंड-रबराचं काहीतरी बसवलेलं असतं, जेणेकरून चाक खाली जाऊ नये, पाणी गळू नये आणि तरीही फट उघडमिट करत राहावी. या तीन गोष्टी एकाच वस्तूकडून एकाच वेळी करून घ्यायच्या म्हणजे तिचे हाल होणारच.

आणि त्याच्या बरोबर खाली, जिथे आपण कधी बघत नाही तिथे, पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या डोक्यावर बेअरिंग असतं. गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी लांब तुळई, पिअरवर थेट टेकलेला नसतो, मध्ये हे बेअरिंग असतं. या दोघांना वेगवेगळं समजू नका, कारण माझ्या पाहण्यात वेळेआधी गेलेली बेअरिंग बरीचशी वरच्या जॉइंटने मारलेली आहेत, आणि जॉइंट बसवतानाच्या एका दिवसात त्याची सुरुवात झालेली आहे. तीच साखळी आज सांगतो.

आधी पूल हलतो म्हणजे नक्की किती हलतो ते बघू. एक साधा पूल घ्या, ४० मीटरचे दोन गाळे, म्हणजे आधारांमधली दोन अंतरं, वरचा डेक, म्हणजे रस्त्याचा स्लॅब, सलग, म्हणजे एकूण ८० मीटर काँक्रीट. एक टोक घट्ट धरलंय, दुसरं मोकळं सोडलंय. काँक्रीट एक अंश तापलं की मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ८० ने गुणलं की ०.९६, म्हणजे धरून चाला एका अंशाला एक मिलिमीटर. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे सगळा हिशोब तोंडी होईल.

समजा थंडीतल्या पहाटे डेक ५ अंशावर येतो आणि कडक उन्हाळ्यात ४५ वर जातो. फरक ४० अंश, म्हणजे मोकळं टोक वर्षभरात ४० मिलिमीटर पुढेमागे. त्यात अजून एक गोष्ट. काँक्रीट वाळताना आकसतं आणि केबल ताणलेल्या गर्डरवर सतत दाब असल्यामुळे तो हळूहळू अजून थोडा आखडत जातो, ही हालचाल परत फिरत नाही, एकाच दिशेने होते. जॉइंट बसवेपर्यंत त्यातली बरीच होऊन गेलेली असते, उरलेली मीटरमागे ०.२ मिलिमीटर धरली तर ८० मीटरला १६ मिलिमीटर. एकूण झाले ५६. म्हणजे हाताच्या तीन बोटांच्या रुंदीएवढं. ऐकायला किरकोळ वाटतं पण हे हजार-दीड हजार टनांचं धूड आहे, त्याला जायचं असेल तिथे ते जाणार. तुम्ही जागा दिली तर नीट जाईल, नाही दिली तर काहीतरी फोडून जाईल.

तिसरी हालचाल ट्रकची. गाळ्यावर वजन आलं की गर्डर मध्ये किंचित वाकतो आणि टोकं कलतात. गर्डर दोन मीटर उंच असेल आणि टोक हजारात एक एवढंच जरी कललं तरी वरची कड दोन मिलिमीटर सरकते. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, बरोबर, पण तापमानाची फेरी दिवसाला एक आणि ट्रक दिवसाला काही हजार.

आता हे सगळं झेलायचं कसं. सगळ्यात साधं आणि माझ्या मते सगळ्यात सोशिक उत्तर म्हणजे रबराचं बेअरिंग, ज्याला इलॅस्टोमेरिक बेअरिंग म्हणतात. एखादं जाड खोडरबर टेबलावर ठेवून अंगठ्याने दाबा, ते बाजूंनी फुगतं आणि बसतं. आता त्याच खोडरबराचे पातळ काप केले आणि प्रत्येक दोन कापांमध्ये पत्रा चिकटवला तर फुगायला जागाच राहत नाही, पत्रा रबराला धरून ठेवतो, आणि ते वरून दाबायला दगडासारखं कडक होतं. पण बाजूला ढकललं तर? प्रत्येक काप थोडा-थोडा तिरका होतो आणि एकूण ठोकळा छान सरकतो. म्हणजे उभ्या वजनाला कडक आणि आडव्या हालचालीला मऊ. थोडा कल पण झेलतो. आत कुठला फिरणारा भाग नाही, वंगण नाही, नट नाही. हुशारी असावी तर अशी.

आपल्या पुलाच्या मोकळ्या टोकाला ४०० बाय ५०० मिलिमीटरचं असं बेअरिंग ठेवलं तर ते सुमारे २०० टन आरामात उचलतं. मधल्या तापमानापासून मोजलं तर त्याला एका बाजूला २० मिलिमीटर जायचंय आणि दुसऱ्या बाजूला २० अधिक ते आकसण्याचे १६, म्हणजे ३६. नियम असा की रबराच्या एकूण जाडीच्या सात दशांशापेक्षा जास्त तिरकं होऊ द्यायचं नाही. ३६ ला ०.७ ने भागलं की ५१, म्हणून ५-६ थर मिळून ६० मिलिमीटर रबर घेऊ. एवढं तिरकं झाल्यावर ते गर्डरला साधारण १२ टनांनी मागे ओढतं. हे १२ टन खालच्या पिअरला किंवा पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीला, म्हणजे अ‍ॅबटमेंटला सोसायचे असतात आणि डिझाइनवाल्याने ते धरलेले असतात.

हालचाल याहून बरीच जास्त असेल तर रबर फार उंच करावं लागतं आणि ते डगमगायला लागतं, मग सरकणारं बेअरिंग घेतात. लोखंडी भांड्यात कोंडलेली रबराची चकती कल झेलते, तिच्यावर पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची पांढरी चकती, आणि तिच्यावर आरशासारखी घासलेली स्टेनलेस स्टीलची प्लेट सरकते. स्वच्छ असेल तर घर्षण वजनाच्या तीन ते पाच टक्के, म्हणजे २०० टनांना ६ ते १० टन. "स्वच्छ असेल तर" हे शब्द मी उगाच लिहिले नाहीत, तिथे परत यायचंय.

जुन्या पुलांवर लोखंडी रोलर आणि रॉकर असायचे. रॉकर म्हणजे वर-खाली गोलाई असलेला उभा लोखंडी पाय, गर्डर सरकला की तो झुकतो. त्याचा धोका असा की तो एका मर्यादेपलीकडे झुकला की परत येत नाही, आडवा पडतो. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये बर्मिंगहॅम ब्रिजवर हेच झालं, उंच रॉकर कलंडले आणि एक गाळा सुमारे आठ इंच खाली येऊन पिअरच्या डोक्यावर बसला. पिअरवर जागा होती म्हणून गाळा तिथेच थांबला.

आता वर येऊ, फटीकडे. मधल्या लांबीच्या पुलांवर हल्ली सगळ्यात जास्त दिसतो तो स्ट्रिप सील जॉइंट. फटीच्या दोन्ही काठांवर रस्त्याच्या आडव्या रुंदीभर एकेक लोखंडी पट्टा, त्याला एज बीम म्हणतात. एज बीमच्या पाठीला अँकर वेल्ड केलेले असतात, ते डेकच्या सळयांत अडकवून काँक्रीटमध्ये गाडायचे. दोन्ही एज बीमच्या पोटात खाचा असतात आणि त्या खाचांत रबराची एक सलग पट्टी दोन्ही कडांनी अडकवलेली असते, मध्ये घडी पडलेली. फट मिटली की घडी खोल होते, उघडली की सपाट होते. साधारण ८० मिलिमीटरपर्यंत उघडता येते, त्याच्यापुढे पट्टी पूर्ण ताणून खाचेतून निसटते. चाकाचं वजन लोखंडावर, पाणी अडवायचं काम रबरावर. कल्पना एकदम सरळ आहे, आणि नीट बसवला तर हा जॉइंट दहा-पंधरा वर्षं गुमान काम करतो.

तर मग दोन-तीन वर्षांत का वाजतो? इथून पुढे जरा सावकाश वाचा.

पहिली चूक फट सेट करण्याची. आपल्या पुलाला मधलं तापमान २५ अंश, त्या वेळी फट ४० मिलिमीटर ठेवायची असं ठरवलं. उन्हाळ्यात डेक ४५ ला गेला की फट २० होणार, थंडीत ५ ला आला आणि वर्षांनुवर्षं आकसून झालं की ४० अधिक २० अधिक १६, म्हणजे ७६ होणार. दोन्ही टोकांना सुरक्षित. फॅक्टरीतून जॉइंट येतो तेव्हा दोन एज बीम क्लॅम्पने बांधून बरोबर ४० वर सेट केलेले असतात. पण बसवायच्या दिवशी डेक २५ अंशावर असेलच असं कोणी सांगितलं? उन्हाळ्यातल्या दुपारी डेक ४० अंश असेल तर पूल आधीच १५ मिलिमीटर वाढून बसलाय, म्हणून त्या वेळी फट २५ ठेवायला हवी. क्लॅम्प सैल करा, १५ मिलिमीटर आत घ्या, परत आवळा, दहा-वीस मिनिटांचं काम.

ते होत नाही, आणि का होत नाही ते कळलं तर चीड येण्याऐवजी जरा समजूत पटते. रबरी पट्टी वरून खाचेत हाताने, कांबीने ढकलून बसवायची असते आणि फट २५ मिलिमीटर असेल तर त्यात हात काय, कांबच नीट फिरत नाही. ४० ला ती निवांत बसते. त्यामुळे साइटवरच्या माणसाला मोठी फट आवडते, तो आळशी आहे म्हणून नाही तर त्याला आज काम संपवायचंय म्हणून. यावर सरळ उपाय असा की एज बीम योग्य फटीला गाडून घ्या आणि पट्टी सकाळी गारव्यात किंवा सरळ थंडीच्या दिवसात येऊन बसवा, तोवर फटीत फळी किंवा थर्माकोल कोंबून ठेवा. पण परत येणं म्हणजे परत ट्रॅफिक अडवणं, म्हणून कोणी येत नाही.

माझ्याच डोळ्यांसमोर झालेला किस्सा. असाच पूल, भर उन्हाळा, दुपार. डेकचं तापमान मी बघितलं होतं, आणि हे हवेचं तापमान नव्हे हां, डेकमध्ये छोटं भोक पाडून त्यात थोडं तेल टाकून थर्मामीटर बुडवून ठेवायचा, मग काँक्रीटचं खरं तापमान कळतं, कारण काँक्रीट हवेच्या मागे काही तास रेंगाळत असतं. ४० आलं. मी म्हटलं फट कमी करा. उत्तर आलं, "साहेब, कंपनीतून सेट होऊन आलाय, आपण हात लावायचा नाही, उद्या वॉरंटीचं बोलतील." मी तेव्हा नवीन होतो, गप्प बसलो. तिसऱ्या वर्षी थंडीत सकाळी सातला तिथे गेलो, डेक १० अंश, टेप लावली तर फट ८२. हिशोब बघा, ४० ची फट, ३० अंश गार झाला म्हणून ३० वाढली, आणि तोवर साधारण १२ मिलिमीटर पूल आकसला होता. ४० अधिक ३० अधिक १२. एक मिलिमीटरही चुकला नव्हता. डावीकडच्या लेनमध्ये दीडेक मीटर पट्टी एका बाजूच्या खाचेतून बाहेर येऊन जिभेसारखी लोंबत होती. जॉइंट खराब नव्हता, त्याला त्याच्या ताकदीबाहेर ताणलं होतं.

दुसरी चूक क्लॅम्पची, आणि ही वरून कोणालाच दिसत नाही. जॉइंट जागेवर ठेवला, दोन्ही बाजूंच्या खळग्यांत काँक्रीट ओतलं, रात्रीचे दोन वाजले, सगळे घरी गेले, क्लॅम्प तसेच. सकाळी ऊन चढलं, डेक आठ अंश तापला, पूल आठ मिलिमीटर वाढायला निघाला. पण दोन्ही एज बीम क्लॅम्पने एकमेकांना जखडलेले आहेत, फट तर मिटू शकत नाही. मग सरकतं काय? अँकरच्या भोवतीचं कच्चं काँक्रीट. अँकर त्यात इकडून तिकडे ढवळला जातो आणि भोवती बारीक पोकळी राहते. सळई ओल्या मातीत रोवून हलवली की भोक कसं मोठं होतं, अगदी तसं. काँक्रीट नंतर कडक होतं, ताकद तपासायला भरलेल्या क्यूबचे रिझल्ट पण उत्तम येतात, आणि अँकर मात्र जन्मापासूनच सैल. म्हणून अँकर एका बाजूच्या सळयांना आधी पक्के करायचे, दुसऱ्या बाजूचे टाके मारले की लगेच क्लॅम्प सोडायचे, काँक्रीट घट्ट होईपर्यंत वाट बघायची नाही. काही जण मुद्दाम पहाटेच्या आधी काम धरतात कारण त्या दोन-तीन तासांत डेकचं तापमान जवळपास स्थिर असतं.

तिसरी गोष्ट एज बीमच्या पोटाखालची. तिथे सळया, अँकर, डेकच्या केबलची टोकं अशी गर्दी असते की व्हायब्रेटरची सुई जात नाही, खडी अडकते आणि बीमखाली हवा राहते. वरून सगळं गुळगुळीत. मग पहिला जड ट्रक येतो, एज बीम त्या पोकळीवर किंचित दबतो आणि उसळतो. पाऊस पडला की पोकळीत पाणी भरतं, आणि प्रत्येक चाक ते पाणी पिचकारीसारखं बाहेर मारतं, बरोबर सिमेंटची भुकटी घेऊन. पोकळी मोठी होते, बीम अजून उसळतो, वेल्ड थकतो, अँकर तुटतो. हातोडीने एज बीमवर ठोकत चाललं की हे ऐकू येतं, भरीव ठिकाणी "टण" येतो आणि पोकळ ठिकाणी "भद्". नवीन जॉइंट ताब्यात घेताना ही पाच मिनिटांची ठोकाठोक कोणी करत नाही याचं मला कायम नवल वाटतं.

याच्यात डांबरवाल्यांचा हातभार वेगळाच. काही वर्षांनी रस्त्यावर नवीन थर टाकतात आणि जॉइंटशी आल्यावर दोनच पर्याय उरतात, एक तर जॉइंट खड्ड्यात राहतो आणि चाक त्याच्यावर आदळतं, नाही तर सरळ जॉइंटवरूनच डांबर ओढतात. दुसरं केलं की दोन आठवडे रस्ता मखमलीसारखा, मग पूल एकदा आकसला की बरोबर फटीवर भेग पडते, डांबराची ढेकळं सुटतात आणि रबरी पट्टीच्या घडीत जाऊन बसतात. पट्टीच्या घडीत खडी-माती तशीही साठतेच. उन्हाळ्यात फट मिटायला लागली की ती खडी मध्ये चेपली जाते, आणि दगड तर मिटत नाही, म्हणून तो रबर फोडतो. झाडूने आणि पाण्याच्या जोराने वर्षातून एक-दोनदा ही घडी साफ करणं एवढंच काम आहे, आणि तेवढंच होत नाही.

तर कुठल्या ना कुठल्या वाटेने पट्टी गेली. आता पाणी खाली.

ते पाणी साधं पाणी नसतं, रस्त्यावरची माती, तेल, टायरची भुकटी, आणि बर्फ पडणाऱ्या देशांत वितळवायला टाकलेलं मीठ, असा काढा असतो. तो सरळ गर्डरच्या टोकांवर आणि पिअरच्या डोक्यावर पडतो. पिअरचं डोकं म्हणजे सपाट ओटा, त्यावर माती साठते, तिच्यात ओल टिकते. बेअरिंग ज्या छोट्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसलेलं असतं त्याला पेडेस्टल म्हणतात, ते उंच ठेवतात त्याचं एक कारण हेच, की बेअरिंगचे पाय चिखलात नसावेत. पण माती साठत-साठत पेडेस्टलच्या वर आलेली मी पाहिली आहे, त्यात रोपटीसुद्धा उगवलेली.

रबराचं बेअरिंग हे बरंच सोसतं, पाण्याने रबराला फारसं काही होत नाही. पण त्याच्या आतले पत्रे लोखंडी आहेत आणि त्यांच्यावर बाजूने रबराचं साधारण ६ मिलिमीटरचं आवरण आहे. हवेतल्या ओझोनने त्या आवरणाला ताणलेल्या बाजूला बारीक आडव्या चिरा पडतात, चिर पत्र्यापर्यंत गेली आणि वरून पाणी चालू असलं की पत्रा गंजतो, गंज फुगतो आणि रबर पत्र्यापासून सुटतं. मग तो थर मघाच्या खोडरबरासारखा मोकळा फुगायला लागतो. बाजूने बघितलं की बाकीचे फुगवटे एकसारखे आणि एकच फुगवटा पोटासारखा पुढे आलेला दिसतो.

सरकणाऱ्या बेअरिंगचं मात्र खरंच वाईट होतं. चिखलाच्या पाण्याबरोबर बारीक वाळू स्टेनलेसच्या प्लेटवर जाते, पीटीएफई मऊ असल्याने वाळूचे कण त्यात रुततात आणि तीच चकती मग पॉलिश पेपरसारखी प्लेट घासायला लागते. खालच्या लोखंडी भागाचा गंज फुगून वर येतो. घर्षण पाच टक्क्यांवरून वाढत-वाढत समजा वीस टक्क्यांवर गेलं, तर २०० टनांच्या बेअरिंगला ४० टन लागतात सरकायला. डिझाइनमध्ये धरले होते १० टन. एका ओळीत चार गर्डर असतील तर १६० टनांचा धक्का पिअरच्या डोक्याला, रोज सकाळी एका बाजूला आणि रात्री दुसऱ्या बाजूला. पेडेस्टलचा कोपरा उडतो, अँकर बोल्ट तिरके होतात, पिअरच्या पायाशी आडव्या भेगा दिसू लागतात. माणसं पिअरला प्लास्टर करून जातात. दुखणं वर, मलम खाली.

अर्थात सगळंच पाण्याच्या माथी मारता येणार नाही. बेअरिंगच्या स्वतःच्या जन्मखोडी पण असतात. सरकणारं बेअरिंग फॅक्टरीतून येतं तेव्हा वरचा आणि खालचा भाग प्रवासात सुटू नये म्हणून पट्ट्या-बोल्टने बांधलेले असतात. पूल बसला की ते काढायचे, आणि विसरतात. लाल-पिवळा रंग दिलेला असतो तरी विसरतात! मग ते सरकणारं बेअरिंग घट्ट बेअरिंग होऊन बसतं. आरशासारखी प्लेट वर आणि पांढरी चकती खाली असायला हवी, शिवाय प्लेट चकतीपेक्षा मोठी, म्हणजे ती छत्रीसारखी धूळ अडवते, कोणीतरी ते उलटं ठेवलं की प्लेट धूळ जमा करायचं ताट होते. पूल चढावर असेल तर गर्डरचं पोट तिरकं असतं, तिथे मध्ये पाचरीसारखी तिरकी प्लेट घालून बेअरिंग सपाट ठेवावं लागतं, नाही घातली तर सगळं वजन एका काठावर येतं आणि दुसऱ्या काठाखालून कागद आरपार जातो.

रबराच्या बेअरिंगची एक गमतीदार खोड आहे, ते चालतं. खरंच जागेवरून चालत जातं. नैसर्गिक रबरात ओझोनपासून वाचावं म्हणून मेण घालतात, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, आणि वरचं वजन हलकं असेल तर रबर रोजच्या हालचालीला थोडं-थोडं घसरतं. टेक्सासमध्ये नव्वदच्या दशकात या मेणामुळेच बेअरिंग पेडेस्टलवरून बाहेर सरकत आलेली सापडली होती.

मग कळायचं कसं? माझी पद्धत अगदी घरगुती आहे. गर्डरवर आणि पेडेस्टलवर एकाच उभ्या रेषेत खडूने खूण करायची, तारीख आणि डेकचं तापमान बाजूला लिहायचं. सहा महिन्यांनी दुसऱ्या हंगामात परत जायचं. आपल्या ८० मीटरच्या पुलाला २० अंशांचा फरक असेल तर मोकळ्या टोकाच्या दोन खुणांमध्ये २० मिलिमीटरच्या आसपास अंतर पडायला पाहिजे. पडलं तर पूल निरोगी. तीन-चारच पडलं तर बेअरिंग अडकलंय आणि उरलेली हालचाल पिअर वाकून देतोय. एकाच ओळीतल्या चार बेअरिंगपैकी तीन एका बाजूला कललेली आणि चौथं सरळ उभं असेल तर ते सरळ उभं असलेलं आजारी समजायचं, हे नवख्या माणसाला नेहमी उलटं वाटतं. सरकणाऱ्या बेअरिंगमध्ये प्लेटच्या काठाला चकचकीत स्वच्छ पट्टा दिसला की ते चालू आहे, त्या पट्ट्यावर कोळ्याचं जाळं आणि धूळ असेल तर बराच काळ काही हललेलं नाही.

वरच्या जॉइंटला तर खाली न उतरताही ओळखता येतं. फट दोन्ही टोकांना मोजायची, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ४५ आली तर डेक वाकडा सरकतोय. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पिअरच्या डोक्यावरून तपकिरी ओघळ ओले दिसले तर पट्टी गेलीय. आणि आवाज. नुसता "धप्" म्हणजे फक्त फट, त्याच्यामागे लोखंडाचा "खळ्ळ" आला की अँकर सुटलाय.

दुरुस्तीत एकच गोष्ट लोक कायम उलटी करतात. बेअरिंग बदलायचं तर ट्रॅफिक थांबवून त्या ओळीतले सगळे गर्डर एकत्र, एकाच पंपाला जोडलेल्या जॅकनी अगदी मोजके मिलिमीटर उचलावे लागतात, कारण एकच गर्डर उचलला तर मधला स्लॅब चिरतो. जॅक ठेवायला पिअरवर जागा सोडली नसेल तर आधी लोखंडी कंस ठोकून जागा करा. हा एवढा खटाटोप करून नवीन बेअरिंग बसवतात, फोटो काढतात, आणि वरचा गळका जॉइंट पुढच्या बजेटसाठी ठेवतात. मी पाहिलेल्या अशाच एका कामात दुसऱ्या पावसाळ्यात नव्या बेअरिंगच्या प्लेटवर जुन्यासारखाच तपकिरी ओघळ आला होता, आधी जिथे होता अगदी त्याच जागी.